नऊ नंबरची पिन

अन्याय झाला तो आमच्या वाचनालयाच्या संगणक खोलीत काम करणाऱ्या मुलीवर. दसऱ्यानंतरच्या सोमवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी. वेळ मला पक्की माहीत आहे, कारण तिच्याकडून खोलीची किल्ली काढून घेतली तेव्हा मी समोरच्या घड्याळाकडे बघत होतो. मला आनंद झाला होता आणि तो तोंडावर दिसू नये म्हणून बघत होतो. आधी हे सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना मला कुणी सज्जन समजणार नाही.

मी पत्रकं काढतो. कॉलेजात होतो तेव्हापासून. पाणी आलं नाही, पत्रक. बस थांबत नाही, पत्रक. पिवळा कागद, ठळक अक्षरात कुणावर अन्याय झाला ते, खाली जाब. गावात माझा एक दबदबा होता आणि त्याचं निम्मं कारण आमच्या वाचनालयाची संगणक खोली होती. कडेगाव तालुक्यातलं आमचं गाव, आणि वाचनालयाला कुठल्याशा ऑफिसातून काढून टाकलेले आठ संगणक मिळालेले. जुने, पण चालणारे. मॉनिटरच्या पाठीतून निघून संगणकाच्या डब्याच्या पाठीत जाणारी निळ्या तोंडाची जाड केबल, दोन्ही बाजूंना हाताने आवळायचे दोन दोन स्क्रू. हिला व्हीजीए केबल म्हणतात हे गावात फक्त मला ठाऊक होतं. बाकी मला येत होतं ते एवढंच, की संगणक अडला की बंद करून परत चालू करायचा. तेवढ्यावर मी चार वर्षं काढली. पोरं मला विचारायची, मुली मला विचारायच्या, वाचनालयाचे अध्यक्ष मला हाक मारायचे. अध्यक्ष म्हणजे फौजेतून सुभेदार होऊन आलेले आबा. त्यांच्या तोंडून "गड्या, जरा बघ रं" ऐकलं की माझी छाती फुगायची.

मग ती आली. उंब्रजची. कडेगावला मामाकडे राहायची आणि तिथून रोज आमच्या गावात यायची. हार्डवेअरचा कोर्स केलेला. समितीने तिला संगणक खोलीवर नेमलं आणि पहिल्याच आठवड्यात पोरी तिला मॅडम म्हणायला लागल्या. मला चार वर्षांत कुणी सर म्हटलं नव्हतं.

मला काय काय खुपलं ते सांगतो. ती आली की आबा खुर्चीतून उठायचे. माझ्यासाठी ते कधी पेपरातून मान वर करत नसत. तिने प्रत्येक संगणकावर चिठ्ठी चिकटवून नंबर घातले, आणि दर शनिवारी ती आठही केबलींचे स्क्रू बोटांनी आवळत फिरायची. मी एकदा म्हटलं, "इतकं काय आवळताय? पळून जाणार आहेत का?"

"पळत न्हाईत, लोंबतात," ती म्हणाली. "केबलीचं वजन तोंडावर येतं. आतली पकड सैल होती. मग रंग जातो."

सगळ्या पोरींनी ऐकलं. मी हसण्यावारी नेलं.

आणि खरा घाव हा. एक दिवस मी माझं पत्रक छापायला तिच्या खोलीत गेलो. तिने पडद्यावर वाचलं आणि म्हणाली, "दादा, दर वाक्याला तीन तीन उद्गारचिन्हं कशाला? एका चिन्हानं लोकांना ऐकू येत न्हाई का?" भरतीची तयारी करणाऱ्या सात-आठ जणी बसल्या होत्या. फिस्सकन हसल्या. माझा मित्रही हसला. मित्राचं हसणं मला आजही आठवतं. तिने ते चांगल्या मनाने सांगितलं होतं हेसुद्धा तेव्हाच कळलं होतं, आणि त्यानेच जास्त जळलं.

खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी कोयता, खुरपं, पाना, शिवणयंत्र, ट्रॅक्टर, सगळ्याची पूजा होते. आबांनी फर्मान काढलं, यंदा आठही संगणक मोठ्या दालनात मांडायचे. पाटावर एका ओळीत, समोर आपट्याची पानं, झेंडूचे हार.

ती म्हणाली, "आबा, जागेवरच हळदीकुंकू लावूया की. केबली काढल्या की परत बसवताना गडबड होते."

"देवाचं काम हाय, पोरी. कोनाड्यात कोंबून पूजा करायची व्हय?"

मी लगेच पुढे झालो. "आबा, मी आहे ना. मॅडमना सणाला उंब्रजला जाऊ दे."

ती गेली. मी आणि दोघा मित्रांनी सगळं उचलून दालनात मांडलं. पूजा झकास झाली. आबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. संध्याकाळच्या आत सगळं परत खोलीत न्यायचं होतं, कारण दालनात भजन होतं. आम्ही घाई केली. केबलीचं तोंड एका बाजूला रुंद आणि एका बाजूला अरुंद असतं, ते बघून बसवायचं असतं. मी टेबलामागे हात घालून, न बघता बसवत होतो. चार नंबरच्या मॉनिटरला ते बसेना. मी तिरकं धरून जोर लावला. बसलं. स्क्रू आवळायला वेळ नव्हता. आवळले नाहीत, एकाचेही.

दसरा झाला, शनिवारी खोली उघडली. चार नंबरचा पडदा गुलाबी. सात नंबरचा हिरवा. गुलाबी म्हणजे थोडासा नव्हे, पांढरं पान होतं तिथे सगळं जांभळट गुलाबी, तमाशाच्या दिव्यासारखं.

हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती. पोरी सराव परीक्षा सोडवतात त्यात सोडवलेल्या प्रश्नाचं बटण हिरवं होतं, न सोडवलेल्याचं लाल. चार नंबरवर हिरवी बटणं काळी दिसायला लागली. आलेखातला पिवळा खांब लाल झाला आणि लाल तर आधीच लाल. एक पोरगी ओरडली, "मॅडम, माझे सगळे प्रश्न काळे पडले!"

ती आली, सामान खाली ठेवलं, पडद्याकडे बघितलं. "केबली कुणी काढल्या होत्या?"

मी पुस्तकाच्या कपाटात तोंड घातलं.

तिने मॉनिटरचं बटण दाबलं. मॉनिटरची स्वतःची आवाज-उजेड कमीजास्त करायची पाटी येते ना, ती आली. मागचं चित्र गुलाबी आणि ती पाटी अगदी खऱ्या रंगात. मग तिने केबल उपटली. "सिग्नल नाही" असं लिहिलेला चौकोन आला, तोही स्वच्छ. "मॉनिटर ठणठणीत हाय," ती म्हणाली. "रंग वाटेत गळतोय." मग तिने केबलीचं तोंड खिडकीकडे धरून आत बघितलं.

मी मागून डोकावलो. पाच-पाच पिनांच्या तीन रांगा. मधल्या रांगेत चौथ्या जागी, म्हणजे वरून मोजत आलं तर नऊ नंबरला, काहीच नाही. पिनच नाही. रिकामं.

सापडलं, म्हटलं. मी खिशातून फोन काढला आणि तिच्या हातातल्या केबलीचा फोटो घेतला. तिला वाटलं असेल मी मदत करतोय. ती म्हणाली, "बरं केलंत, मोठा करून दावा जरा." मी न दाखवता बाहेर पडलो.

रविवारी पत्रक गावभर. मथळा होता "पिन कुठे गेली???" चांगल्या केबली नेऊन त्या जागी मोडक्या आणून लावल्या, गावाच्या मुलींचं नुकसान केलं, जबाबदार कोण, वगैरे. नाव घातलं नाही. नाव घालायची गरज नव्हती, खोलीवर एकच माणूस होतं. खाली तो फोटो, मोठा.

सोमवारी समिती बसली. ती टेबलापुढे उभी. आबांनी पत्रक पुढे सारलं. "हे काय, पोरी?"

"आबा, नऊ नंबरची पिन नसतेच. या केबलीत ती भरतच न्हाईत, तिचं काम नसतं. तुमी नऊ सोडा, दोन बघा. वरच्या रांगेतली दुसरी. आडवी झालीय."

"आता आमाला आकडे शिकवू नको," समितीतले एक काका म्हणाले.

आबांनी फौजेतला विचार मांडला. "जागा हाय म्हणजे तिथं वस्तू हुती. बंदुकीत खाच असती ती उगं असती का?"

"दुसऱ्या केबली काढून बघा की, आबा. सगळ्यांत तसंच दिसंल."

एकाने जाऊन दोन केबली काढून आणल्या. दोन्हींत मधल्या रांगेतली चौथी जागा रिकामी. तिने सुटकेचा श्वास टाकला, मी बघितला. आणि मग मी बोललो. ते वाक्य माझं आहे, दुसऱ्या कुणाचं नाही.

"म्हणजे सगळ्याच बदलल्यात!"

सगळ्यांनी मानेने हो म्हटलं. पुरावा तिने स्वतःच आणून दिल्यासारखं झालं. ती माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "वा रं वा." तिने मला अरेतुरे पहिल्यांदा केलं ते तेव्हा. अकरा वीस. किल्ली टेबलावर. सचिवांनी इतिवृत्तात लिहिलं, उपकरणांच्या नुकसानीस संबंधित कर्मचारी जबाबदार असल्याने त्यांना कामावरून कमी करण्यात येत आहे. किल्ली माझ्याकडे आली.

नऊ दिवस मी त्या खोलीत बसलो. पोरींनी मला सर म्हटलं नाही. चार नंबरची केबल जरा हलवली की क्षणभर खरा रंग यायचा आणि हात सोडला की परत गुलाबी. मी ती केबल सुतळीने खिडकीच्या गजाला बांधली. एक पोरगी म्हणाली, "मॅडम असत्या तर..." मी तिला म्हटलं, "मॅडम मॅडम काय, अभ्यास कर." सातवा हिरवाच राहिला. पुढच्या आठवड्यात दोन नंबरचा पडदाही निळसर हिरवट झाला. मी आठही संगणक बंद करून परत चालू केले. माझी सगळी विद्या संपली.

शेवटी कराडला गेलो, संगणकाच्या सामानाच्या दुकानात. नवी केबल घ्यायला, आणि जुनी बरोबर घेतली होती, पुरावा म्हणून दुकानदाराला दाखवायला. दुकानदाराने कोरी केबल काढली, प्लास्टिक फाडलं, तोंडावरची टोपी काढून माझ्या हातात दिली. मी आत बघितलं.

मधली रांग. चौथी जागा. रिकामी.

"हिची पिन मोडलीय," मी म्हटलं. माझा आवाज मलाच पातळ वाटला.

"कुठली?" त्याने बघितलं आणि हसला. "नऊ नंबर व्हय? ती लय केबलींत नसतीच, गड्या. कारखान्यातनंच भरत न्हाईत. पाहिजे तर दहा फोडून दावतो."

"नको," मी म्हटलं.

"जुनी दाव." त्याने माझा पुरावा उजेडात धरला. "हे बघ खरं दुखणं. वरच्या रांगेत दुसरी, पार निजलीय. ही हिरव्या रंगाची. हिरवा जात न्हाई म्हणून लाल आणि निळा उरतो, मग पडदा गुलाबी. कुणी तरी तिरकं धरून दाबलंय. अडाणी माणूस."

त्याने खटक्याची पेन्सिल घेतली, शिसं काढलं, तिच्या टोकाच्या बारीक नळीत ती पिन अलगद घातली आणि जरा जरा करून उभी केली. दुकानातल्या मॉनिटरला लावली. पांढरं पान पांढरं. "जपून वापर," तो म्हणाला, पण माझं लक्ष नव्हतं, म्हणून त्याने परत सांगितलं, "एकदा वाकलेली पिन परत वाकली की तुटती. मग फेकायचीच."

मी दुकानाबाहेर पायरीवर बसलो आणि फोनमधला तो फोटो काढला. मोठा केला. नऊ नंबरच्या रिकाम्या जागेच्या वर, दोन नंबरची पिन आडवी पडलेली स्वच्छ दिसत होती. माझ्याच पत्रकावर गावभर मी ती छापून वाटली होती. बघितली कुणीच नाही. मी तर मुळीच नाही, कारण मला पिन नको होती, मला ती मुलगी नको होती.

कडेगावला तिच्या मामाच्या घरी गेलो. ती अंगणात एक जुना संगणक उघडून बसली होती. उठली नाही, बसाही म्हणाली नाही. मी सगळं सांगितलं, तिरकं दाबल्यापासून.

"ठाऊक होतं," ती म्हणाली.

"मग बोललात का नाही, की मी काढल्या होत्या म्हणून?"

"मी बघितलं न्हवतं. न बघता नाव घ्यायचं तुमचं काम, माझं न्हाई."

तिने हातातला ब्रश झटकला. "सात नंबर अजून हिरवाच हाय?"

"हो. आणि दोन निळसर हिरवा."

"स्क्रू आवळले न्हाईत. केबली लोंबल्या, डब्याच्या मागचं तोंड ढिलं पडलं. जुनी तोंडं हायती, त्यांचा आधीच जीव गेलेला. सातचा लाल आणि निळा दोन्ही टेकत न्हाईत, दोनचा नुसता लाल. दोनची केबल नीट बसवून आवळा, येईल बहुतेक. सातचं तोंडच बदलावं लागंल, न्हाईतर डब्यात पडद्यासाठी वेगळं कार्ड घालावं लागंल." तिला खोली न बघता समजलं होतं. मला त्याही क्षणी, तिची माफी मागायला उभा असताना, हेवा वाटला. लाज वाटायच्या आधी हेवा वाटला.

"मी माफीचं पत्रक काढतो," मी म्हटलं.

"परत तीन तीन चिन्हं?" ती हसली आणि लगेच थांबली. "माफी तुमच्यापाशी ठेवा. मला अनुभवाचा दाखला पाहिजे. सांगलीला एका कॉलेजात प्रयोगशाळेची जागा हाय. मागच्या ठिकाणचा दाखला मागतात. तुमचे सचिव म्हणतात, इतिवृत्तात ते वाक्य हाय तोवर दाखला देता येत न्हाई. ते वाक्य काढून आणा."

मी दुसरं पत्रक काढलं. पांढऱ्या कागदावर, एकही उद्गारचिन्ह न घालता. केबल तिरकी दाबली ती मी, पिन वाकवली ती मी, खोटं लिहिलं ते मी. गावात वाटलं. पहिलं पत्रक लोकांनी उभं राहून वाचलं होतं, दुसऱ्यात भेळ बांधलेली मी पाहिली. मित्र म्हणाला, "आता कशाला उकरतोस? विसरले लोक." लोक विसरले होते ते खरं. पण ती खरी कशी होती तेवढंच विसरले, तिच्यावर घेतलेला आळ नाही. किराणा दुकानात एक काकू मला म्हणाल्या, "ती केबली नेणारी पोरगी नव्हं का?"

आबांकडे गेलो. त्यांनी पत्रक दोनदा वाचलं. डोळे पुसले, चष्मा पुसला. "चुकलं गड्या आमचं. पण इतिवृत्तात खाडाखोड समितीला करता येत न्हाई. सर्वसाधारण सभेत ठराव झाला तर निघंल. आणि सभेला कोण येतंय? मागच्या सभेला गणपूर्ती झाली न्हाई."

"तुम्ही मांडा, आबा."

"मी मांडतो. हात वर करायला माणसं पाहिजेत."

खोलीची किल्ली मी त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांना वाटलं मी त्याग करतोय. तसं काही नव्हतं. दोन नंबर तिने सांगितल्याप्रमाणे बसवून आवळला, लगेच खरा रंग आला, आणि एक पोरगी म्हणाली, "मॅडमनी सांगितलं असणार." त्यानंतर त्या खोलीत बसवेना.

ती सध्या सांगलीत एका दुरुस्तीच्या दुकानात काम करते. तिथे तिला कुणी दाखला मागितला नाही, पण कामही पक्कं नाही. कॉलेजची ती जागा अजून भरलेली नाही. एकदा मी सांगलीला गेलो तेव्हा रस्त्याच्या पलीकडून दुकानाकडे बघितलं. तिच्यापुढे चार माणसं आपापले संगणक घेऊन उभी होती आणि ती एकाला काहीतरी समजावत होती. तो मान डोलावत होता. मी तिथून निघून आलो. मला अजून जळतं, खोटं कशाला सांगू. पण जळणं माझं आहे आणि नोकरी तिची आहे, आणि या दोन गोष्टी मी एकदा एकत्र केल्या, परत करणार नाही.

हे वाचणाऱ्यांत आमच्या वाचनालयाचे सभासद आहेत, मला माहीत आहे. त्यातल्या काहींनी त्या सोमवारी माना डोलावल्या होत्या. वार्षिक सभेची नोटीस फळ्यावर लागली आहे. कामं असतील, ऊस तोडीला आला असेल, लग्न असेल. तासभर या. आबा ठराव मांडतील. इतिवृत्तातलं ते वाक्य वाचून दाखवलं जाईल. ते खोडायला हात वर करा, आणि सचिव दाखल्यावर सही करेपर्यंत कुणीही खुर्ची सोडू नका.